बायकोची ड्यू डेट 24 सप्टेंबर, कंपनीत पितृत्व रजा नाही. ईएल कशी मागू?

वेर्णा_बी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या वसाहतीत एका औषध कंपनीत पॅकिंग लाइनवर ऑपरेटर आहे, सहा वर्षं झाली. घर फोंड्याला, बायकोचं माहेर पेडण्याला. पहिलं बाळंतपण, म्हणून ती सातव्या महिन्यातच माहेरी गेली. नाव म्हापशाच्या इस्पितळात घातलं आहे. डॉक्टरांनी तारीख 24 सप्टेंबर दिली आहे.

आमच्याकडे पितृत्व रजा नावाचा प्रकारच नाही. एचआरला विचारलं तर म्हणाले, "तसं काही पॉलिसीत नाही, ईएल टाक आणि कारण फॅमिली वर्क लिही." माझ्या ईएल 19 शिल्लक आहेत. लाइनवरच्या एका मित्राने गेल्या वर्षी असंच फॅमिली वर्क लिहून अर्ज टाकला होता. काम जास्त आहे म्हणून तो परत आला, आणि मुलगी झाली तेव्हा हा नाइट शिफ्टला होता.

माझा विचार असा. चवथ 14 सप्टेंबरला सोमवारी आहे, 14 आणि 15 ला कंपनी बंद. लागूनच 16 पासून 30 पर्यंत ईएल टाकली तर चवथही होते आणि बाळंतपणही. हे बरोबर आहे का? आणि अर्जात नेमकं लिहू काय?

पणजीकर_राजू

अरे, मागायची कसली, हक्क आहे. 2017 ला कायदा बदलला तेव्हापासून वडिलांना 15 दिवस भरपगारी द्यावेच लागतात. माझ्या भावोजींना मिळाली. एचआरवाले तुला गंडवतायत. लेबर कमिशनरकडे जा.

टाइमऑफिस_निवृत्त

राजूबाब, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या. 2017 च्या दुरुस्तीने आईची प्रसूती रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. वडिलांसाठी त्यात एक दिवससुद्धा नाही. त्याच साली खासदार राजीव सातव यांनी वडिलांच्या रजेचं खासगी विधेयक आणलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. पेपरात बातमी आली आणि लोकांच्या डोक्यात कायदा झाला तो झालाच. तुझे भावोजी सरकारी नोकरीत असणार. केंद्राच्या रजा नियमांत 43-अ हा नियम आहे, त्यात दोनपेक्षा कमी मुलं असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात. तो नियम सरकारी नोकरांचा, वेर्ण्याच्या खासगी कारखान्याला लागू होत नाही.

पणजीकर_राजू

हो, भावोजी खात्यातच आहेत. पण खासगीवाल्यांनाही द्यायला पाहिजे होती, यात माझं चुकलं नाही.

टाइमऑफिस_निवृत्त

ते चुकलं नाही.

आता वेर्ण्याच्या भावासाठी. मी कुंडईच्या एका कारखान्यात 27 वर्षं टाइम ऑफिसात काढली. रजेचे अर्ज माझ्या टेबलावरून गेले, म्हणून सांगतो. तुझ्या बेतात दोन चुका आहेत. पैकी चवथीची मोठी.

16 ते 30 सप्टेंबर मोज. दोन रविवार सोडले तर 13 कामाचे दिवस होतात. 19 मधून 13 गेले, राहिले 6. आता बाळ 24 ला येईल हे कोणी सांगितलं? ती तारीख चाळीस आठवड्यांचा हिशेब आहे. 37 आठवडे पुरे झाले की दिवस भरले म्हणतात, आणि 42 पर्यंतही जातं. म्हणजे तुझी खिडकी 3 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर. बाळ 3 सप्टेंबरला आलं तर तू चवथीची वाट बघत कामावर. 4 ऑक्टोबरला आलं तर तुझे 13 दिवस सासऱ्यांच्या सोप्यावर चहा पिण्यात गेले.

दुसरी चूक, चवथीला चिकटून रजा मागतोस. गोव्यातल्या कोणत्याही कारखान्यात त्या आठवड्यात निम्मी लाइन रजेवर जायला बघते. तुझा अर्ज त्याच गठ्ठ्यात जाणार, आणि वरचा माणूस कारण वाचायच्या आधी तारखा वाचतो.

म्हणून तारखेला बांधलेली रजा मागू नकोस. घटनेला बांधलेली माग: "पत्नीला इस्पितळात दाखल करतील त्या दिवसापासून सलग इतके दिवस." मंजुरी आधी घ्यायची, पहिला दिवस नंतर ठरतो.

डिचोलीचो_बाप्पा

असा अर्ज घेतात? आमच्या पोर्टलमध्ये 'पासून' आणि 'पर्यंत' भरल्याशिवाय पुढे जात नाही.

टाइमऑफिस_निवृत्त

पोर्टल घेत नाही, माणूस घेतो. कागदी अर्ज आधी द्यायचा, त्यावर शिफ्ट इनचार्ज आणि विभागप्रमुखाची सही घ्यायची. इस्पितळात दाखल केल्यावर पोर्टलमध्ये खऱ्या तारखा टाकायच्या आणि सही केलेल्या कागदाचा फोटो जोडायचा. मी स्वतः असे अर्ज लावले आहेत. इनचार्जला रिलीव्हर कधी लागेल ते साधारण कळलं की तो सही करतो. त्याला भीती असते ती अचानक रिकाम्या पडणाऱ्या मशीनची.

सत्तरीचा_सुभाष

एवढा खटाटोप कशाला? ओळखीच्या डॉक्टरकडून सात दिवसांचं सिक सर्टिफिकेट आण, विषय संपला. मी तेच केलं.

टाइमऑफिस_निवृत्त

तुझं निभावलं म्हणून दुसऱ्याला शिकवू नकोस. पुढे मुलाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स मेडिक्लेममध्ये नाव घालायला त्याच एचआरकडे जाते. त्यावरची तारीख आणि तुझ्या "तापाची" तारीख एकच. माझ्यासमोर असं एक प्रकरण झालं. रजा बिनपगारी झाली, वर खोटा दाखला दिल्याबद्दल मेमो. ज्याच्या खात्यावर हक्काच्या 19 रजा पडल्या आहेत त्याने खोटं कशाला बोलायचं?

फोंड्याची_माई

मी तीन सुनांची बाळंतपणं केली आहेत, कायद्यातलं कळत नाही. पण पोराने सगळी रजा पहिल्या पंधरा दिवसांत घालवू नये. तेव्हा माहेरी तिची आई असते, आजी असते, शेजारीण असते. जावयाला खोलीत जागा नसते. इस्पितळात मात्र पाहिजे. रात्री औषध आणायला, रक्त लागलं तर धावायला, आणि सिझर झालं तर चार-पाच दिवस तिला उठवायला-बसवायला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसलं तर पुन्हा डॉक्टरकडे पळायला.

खरी गरज लागते ती सव्वा महिन्याने, ती बाळाला घेऊन स्वतःच्या घरी येते तेव्हा. माझा धाकटा त्या आठवड्यात सकाळी सहाच्या शिफ्टला जायचा, आणि सून एक हात बाळाखाली ठेवून दुसऱ्या हाताने पेज ढवळायची. मी कुडाळला दुसऱ्या सुनेकडे होते. आजही ती बोलून दाखवते.

वेर्णा_बी_शिफ्ट

माई, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माझी आई नाही, आणि सासूबाई फोंड्याला जास्तीत जास्त दोन दिवस राहतील. म्हणजे दोन तुकडे करायचे? पण आमच्या स्थायी आदेशांत वर्षातून तीनच वेळा ईएल घेता येते असं आहे, आणि पंधरा दिवस आधी अर्ज. मे महिन्यात भावाच्या लग्नाला एकदा घेतली आहे.

टाइमऑफिस_निवृत्त

माईंनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. तीन वेळांची आणि पंधरा दिवसांची अट जुन्या फॅक्टरी कायद्यातली. एक खेप मे मध्ये गेली, दोन राहिल्या. बरोबर दोनच तुकडे बसतात. पण मग चवथीला वेगळी ईएल विसर, ती चौथी खेप होईल. चवथीचे दोन दिवस कंपनी बंद आहे तेवढ्यावर भागव. त्यापुढे हवेच तर सीएल वापर.

आता हिशेब. तुला रविवार सुट्टी असं धरतो. समज 24 सप्टेंबरला, गुरुवारी, दाखल केलं आणि त्याच दिवशी बाळ झालं. 8 दिवस ईएल घेतलीस तर 24, 25, 26, मग 28, 29, 30, मग 1 ऑक्टोबर, 2 ला गांधी जयंतीची सुट्टी, आणि 3. चार तारीख रविवार. रजा 8 गेली, घरी 11 दिवस मिळाले. मध्ये आलेल्या सुट्ट्या वार्षिक रजेत मोजायच्या नाहीत, हे जुन्या कायद्यात होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही आहे. एचआरने रविवार धरून 10 किंवा 11 कापले तर लगेच विचार.

फोंड्याची_माई

बाराव्या दिवशी बारसं. 24 ला झालं तर 5 ऑक्टोबर. बापाला तेव्हाच कामावर पाठवता काय?

टाइमऑफिस_निवृत्त

खरं की. मग 9 घे, 5 तारीख धरून. मंगळवारी 6 ला हजर. राहिल्या 10. त्यातल्या 6 नोव्हेंबरसाठी ठेव: सोमवार 2 ते शनिवार 7. अलीकडे-पलीकडे रविवार, म्हणजे सलग 8 दिवस, आणि लागूनच दिवाळी. हाताशी 4 उरतात. त्यांना हात लावू नकोस.

मडगाव_अक्षता

माझी मिसेस एका खासगी शाळेत शिक्षिका आहे, तिला 26 आठवड्यांऐवजी तीन महिनेच देतो म्हणतात. (खातं माझ्या बहिणीचं आहे.) काय करावं?

डिचोलीचो_बाप्पा

दादा, तो आईच्या रजेचा विषय, आणि तिथे कायदा स्पष्ट आहे. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

पिळर्ण_क्यूए

माझा प्रश्न मात्र इथलाच आहे. मी असिस्टंट मॅनेजर, बायकोला पाचवा महिना. माझ्या नेमणूकपत्रात लिहिलंय की रजा व्यवस्थापनाच्या मर्जीवर. कायद्यातलं ते वीस दिवस कामाला एक दिवस रजा, उरलेली पुढच्या वर्षी नेणे वगैरे मला लागू आहे का?

टाइमऑफिस_निवृत्त

नव्या संहितेत कामगाराच्या व्याख्येतून व्यवस्थापक वगळले आहेत, आणि देखरेखीचं काम करणारा 18,000 च्या वर वेतन घेत असेल तर तोही. हुद्द्यावर नाही, प्रत्यक्ष कामावर ठरतं. तू स्वतः नमुने तपासतोस की माणसांवर देखरेख करतोस, यावर वाद होऊ शकतो. नेमणूकपत्र आणि कंपनीची रजेची पुस्तिका घेऊन जाणत्या माणसाला दाखव. मी इथून हो किंवा नाही म्हणणार नाही.

पिळर्ण_क्यूए

दोन्ही करतो, तीच तर अडचण.

वेर्णा_बी_शिफ्ट

काल रात्री मी मसुदा लिहिला. बघा जरा.

"महोदय, मी गेली सहा वर्षे प्रामाणिकपणे सेवा करत आहे. माझी पत्नी गरोदर असून तिला माझी नितांत गरज आहे. आपल्या कंपनीत पितृत्व रजा नाही ही खेदाची बाब आहे. तरी माणुसकीच्या नात्याने मला काही दिवस रजा द्यावी. कृपा होईल."

टाइमऑफिस_निवृत्त

हृदय हेलावलं, पण सही कुठे करायची ते कळलं नाही. "काही दिवस" म्हणजे किती? कोणती रजा? कधीपासून? शिवाय पितृत्व रजेचा शब्द घातलास की खालचा माणूस हात झटकतो. हा पॉलिसीचा विषय, वर पाठवा, म्हणतो. वर तो पडून राहतो. तुला नवीन काही नको आहे, खात्यावर जमलेली रजा हवी आहे. खेद वाटतो तर युनियनच्या मागणीपत्रात घाल, ती जागा बरोबर आहे. आणि फॅमिली वर्कही लिहू नकोस. त्यात घराची कौलं परतण्यापासून सगळं येतं, नाकारायला सोपं. प्रसूती हे कारण ढळढळीत लिही. असं लिहून बघ:

"विषय: पत्नीच्या प्रसूतीनिमित्त अर्जित रजा मंजूर करण्याबाबत.

महोदय,

माझ्या पत्नीच्या प्रसूतीची अपेक्षित तारीख 24 सप्टेंबर 2026 आहे. माझ्या खात्यावर आज 19 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. त्यापैकी खालीलप्रमाणे 15 दिवस दोन वेळा मिळून मंजूर करावेत, ही विनंती.

पहिल्या वेळी 9 दिवस, पत्नीला इस्पितळात दाखल करतील त्या दिवसापासून सलग. हा दिवस 3 सप्टेंबर ते 8 ऑक्टोबर यांदरम्यान केव्हाही येऊ शकतो. त्याच दिवशी मी शिफ्ट इनचार्जना फोनवर आणि टाइम ऑफिसला लेखी संदेशाने कळवीन. दुसऱ्या वेळी 6 दिवस, 2 ते 7 नोव्हेंबर, पत्नी व बाळ घरी येतील तेव्हा. प्रसूतीची तारीख मागेपुढे झाल्यास या तारखांतील बदल 15 दिवस आधी कळवीन.

माझ्या गैरहजेरीत मशीन सांभाळण्यास माझे सहकारी तयार आहेत. त्यांची सही खाली आहे. अपेक्षित तारखेची नोंद असलेल्या पानाची प्रत जोडली आहे. मंजुरी किंवा काही हरकत असल्यास 31 ऑगस्टपर्यंत लेखी कळवावे."

एवढंच. फाइलमधलं फक्त तारखेचं पान जोड. सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट देऊ नकोस, ते बायकोचे खासगी कागद. आणि 3 सप्टेंबरपासून पंधरा दिवस मागे मोजले तर 19 ऑगस्ट येतो. त्याच्या आधी अर्ज आत गेला पाहिजे. दोन प्रती काढ, एकीवर आवकचा शिक्का आणि तारीख घे.

डिचोलीचो_बाप्पा

"लेखी कळवावे" असं लिहिलं तर साहेबाला उद्धट वाटणार नाही का? आमच्याकडे तोंडी "बघूया" हीच मंजुरी असते.

टाइमऑफिस_निवृत्त

वाटेल कदाचित. पण त्या ओळीला कारण आहे. वेळेत मागितलेली रजा नाकारली तर ती पुढच्या वर्षी नेताना 30 दिवसांची मर्यादा लागत नाही. मात्र मागितली होती आणि नाकारली, हे कागदावर दिसायला हवं. "बघूया" कागदावर दिसत नाही. साहेब फार नाजूक असेल तर "कळवल्यास बदलीची सोय करता येईल" असं गोड करून लिही.

सत्तरीचा_सुभाष

हे सगळं खरं, पण तुम्ही एक विसरलात. औषध कंपनीत मोबाइल आत नेऊ देत नाहीत. कळा सुरू झाल्या आणि हा पॅकिंगला आत टोपी-गाऊन घालून, फोन लॉकरमध्ये. माझ्या चुलतभावाला शिफ्ट सुटल्यावर 14 मिस्ड कॉल दिसले.

वेर्णा_बी_शिफ्ट

बापरे. हे एकदम बरोबर. आमचाही फोन लॉकरमध्येच असतो.

टाइमऑफिस_निवृत्त

सुभाष, आज पहिल्यांदा तुझं मानतो. टाइम ऑफिसचा लँडलाइन नंबर सासऱ्यांना आणि मेहुण्याला दे. नाइट शिफ्टला टाइम ऑफिस बंद असेल तर गेटवरच्या सिक्युरिटीचा. आणि गेटपासची रीत आधीच विचारून ठेव. अर्ध्या शिफ्टमधून बाहेर पडलास तर तो दिवस ईएलचा पहिला धरणार, की अर्धा दिवस वेगळा कापणार, हे प्रत्येक कारखान्यात वेगळं असतं.

वेर्णा_बी_शिफ्ट

अपडेट देतो. 17 ऑगस्टला अर्ज दिला, शिक्का घेतला. "कळवल्यास बदलीची सोय करता येईल" हेच लिहिलं. शिफ्ट इनचार्जने वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, "मशीनवर कोण?" सही दाखवली, त्याने लगेच सही केली. विभागप्रमुखांनी 9 दिवस मंजूर केले. नोव्हेंबरच्या 6 दिवसांसमोर मात्र पेनाने लिहिलं, "त्या वेळी पाहू."

टाइमऑफिस_निवृत्त

"त्या वेळी पाहू" ना मंजुरी, ना नकार. ऑक्टोबरच्या मध्यावर त्या 6 दिवसांचा वेगळा अर्ज टाक, आणि या अर्जाची तारीख त्यात नमूद कर. दिवाळीचं निमित्त करून अडवतील असं वाटतं. अडवलं तर एक आठवडा पुढे ढकलायची तयारी ठेव, आणि तोवर माईंच्या मध्यस्थीने सासूबाईंना फोंड्यात थांबवता येतं का बघ.

फोंड्याची_माई

मी फोंड्यातच आहे रे बाबा. सासूबाई नाही थांबल्या तर सकाळची मी येईन. गेटपासचं काय ठरलं?

वेर्णा_बी_शिफ्ट

माई, देव बरें करूं. गेटपासबद्दल दोघांनी दोन उत्तरं दिली, अजून गोंधळच आहे. आणि गेटचा नंबर सासऱ्यांना दिला खरा, पण त्यांनी तो लागतो का बघायला रात्री अकराला फोन केला. सिक्युरिटीवाला धावत लाइनवर आला, मी गाऊन अर्धा काढत बाहेर, रिलीव्हर मशीनवर उभाही राहिला. फोनवर सासरे म्हणतात, "लागला हां."

टाइमऑफिस_निवृत्त

रिलीव्हर किती मिनिटांत आला?

वेर्णा_बी_शिफ्ट

चार.